स्पॅनिश कलीगला वाढदिवसाचा मेसेज, आणि मराठीतल्या ‘तुम्ही’चं काय करायचं

प्रश्न: माझी एक कलीग माद्रिदच्या ऑफिसात आहे, दोन वर्षं एकत्र काम करतोय. तिच्या वाढदिवसाला हा मेसेज स्पॅनिशमध्ये पाठवायचाय, टोन मैत्रीचा हवा, ऑफिशियल नको: “वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, तुमच्या सगळ्या इच्छा पूर्ण होवोत. मार्च एंडच्या गडबडीत तुम्ही मला सांभाळून घेतलंत, खूप आभारी आहे. तुमच्याबरोबर काम करायला मजा येते.” कोणी करून देईल का?

उत्तर:

हा घ्या, समजा तिचं नाव मारिया आहे, तिथे खरं नाव टाका:

```
¡Feliz cumpleaños, María!
Que cumplas muchos más y que pases un día genial.
Gracias por echarme una mano con todo el lío de marzo.
Da gusto trabajar contigo.
¡Un abrazo!
```

घाई असेल तर एवढं कॉपी करून पाठवा, काही चुकणार नाही. पण तुमच्या मेसेजमधलं बरंच मी जसंच्या तसं ठेवलेलं नाही, ते का ते सांगतो, म्हणजे पुढच्या वर्षी तुम्ही स्वतः लिहाल.

सगळ्यात मोठा बदल म्हणजे तुमचं ‘तुम्ही’. स्पॅनिशमध्येही आपल्यासारखेच दोन आहेत, एक ‘तू’ (हो, उच्चार अगदी मराठी ‘तू’सारखाच) आणि दुसरं ‘उस्तेद’, म्हणजे मानाचं. त्यामुळे आपल्याला वाटतं की सोपं आहे, तू ला तू आणि तुम्ही ला उस्तेद. मीही सुरुवातीला तेच करायचो. माद्रिदच्याच टीममधल्या एका बाईंना मी वाढदिवसाला सगळा मेसेज उस्तेद लावून पाठवला, त्या माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, आपल्याकडे अशा माणसाला अरेतुरे करायची कल्पनाही करवत नाही, आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी कॉलवर मला विचारलं की माझं काही चुकलं का, तू एवढा लांबून का बोलतोयस. मला खरंच वाईट वाटलं कारण मी तो मेसेज मनापासून लिहिला होता.

झालं काय, तर मराठीतलं ‘तुम्ही’ एकाच वेळी मान आणि जवळीक दोन्ही दाखवू शकतं. शेजारच्या काकूंना, वहिनींना, ऑफिसमधल्या सिनियरला आपण तुम्ही म्हणतो आणि तरी त्यांच्याशी मनातलं बोलतो. स्पेनमध्ये उस्तेद तसं चालत नाही, ते आहे अनोळखी म्हाताऱ्या माणसासाठी, गिऱ्हाइकासाठी, सरकारी पत्रासाठी. माद्रिदच्या ऑफिसात एकमेकांना तू म्हणणं नेहमीचंच, बऱ्याच ठिकाणी साहेबालासुद्धा. दोन वर्षं बरोबर काम केलेल्या माणसाला वाढदिवसादिवशी उस्तेद म्हटलं की मान राहतो बाजूला, दुरावा तेवढा पोचतो. म्हणून तुमचं मानाचं तुम्ही तिथे तू होतं, आणि त्यात तिचा अपमान अजिबात नाही.

आता गंमत अशी की मेसेजमध्ये तू हा शब्द एकदाही आलेला नाही, कारण स्पॅनिशमध्ये मराठीसारखाच तो क्रियापदातच असतो, ‘येतोस का’ म्हटलं की तू वेगळं म्हणावं लागत नाही तसंच. इथे ते बघायची खूण म्हणजे शेवटचा ‘स’. ‘कुंप्लास’, ‘पासेस’ यातला स गेला आणि ‘कुंप्ला’, ‘पासे’ झालं की ते उस्तेदचं रूप. आणि शेवटचं ‘कोंतीगो’ म्हणजे ‘तुझ्याबरोबर’, त्याचं मानाचं रूप ‘कोन उस्तेद’. लोक दोन ठिकाणांहून वाक्यं उचलून जोडतात तेव्हा हीच चूक होते, पहिल्या ओळीत तू आणि तिसऱ्या ओळीत उस्तेद, मराठीत “तू कसा आहेस, आपली तब्येत सांभाळा” म्हटल्यासारखं. तर काहीही बदललंत तर हे तीन शब्द तेवढे परत तपासा.

दुसरं, ‘हार्दिक’. डिक्शनरीत बघाल तर ‘कोर्दियाल’ मिळेल, आणि मूळ अर्थ खरंच हृदयाचाच आहे. पण स्पॅनिशमध्ये तो शब्द ऑफिसच्या ईमेलच्या शेवटी येतो, आपल्या ‘कळावे, आपला विश्वासू’च्या जागी. म्हणजे तुम्हाला जे नको होतं तेच, ऑफिशियल. आणि खरं सांगायचं तर मराठीतही ‘हार्दिक’ आता सवयीने येतं, त्याच्याकडे कोणी वेगळं लक्ष देत नाही, मग तिथे नुसतं ‘फेलीथ कुंप्लेआन्योस’ पुरतं. जास्त जोर हवा असेल तर त्याच्या जागी ‘मुचीसिमास फेलिथिदादेस’ लिहा, ते आपल्या ‘खूप खूप शुभेच्छा’च्या अगदी जवळ जातं.

‘उदंड आयुष्य लाभो’ हे मात्र मला सोडवत नव्हतं कारण ते सुंदर आहे. सरळ भाषांतर करून ‘लार्गा विदा’ म्हणजे दीर्घायुष्य लिहिलं तर ते राजाच्या जयजयकारासारखं वाटतं. पण स्पॅनिश माणूस त्याच जागी, त्याच भावनेने म्हणतो ‘के कुंप्लास मुचोस मास’. कुंप्लेआन्योस हा शब्दच ‘कुंप्लीर’ म्हणजे पूर्ण करणे आणि ‘आन्योस’ म्हणजे वर्षं यांचा आहे, वर्षं पुरी केली तो दिवस. तर ‘अजून खूप पुरी कर’ असं त्याचं होतं. आणि ते ‘के’ लावून येणारं क्रियापदाचं रूप आहे ना, तेच काम मराठीत ‘लाभो’, ‘होवो’, ‘मिळो’ मधला ओ करतो. शाळेत स्पॅनिश शिकताना ह्या रूपाला मुलं घाबरतात, मराठी माणसाने घाबरायचं कारण नाही, आपण प्रत्येक वाढदिवसाला ते वापरतोच.

इच्छा पूर्ण होवोत हे वाक्य मी गाळलं. ते चुकीचं नाही, स्पॅनिशमध्ये ‘के से कुंप्लान तोदोस तुस देसेओस’ असं लोक म्हणतात, पण त्यात परत तेच कुंप्लीर, म्हणजे चार ओळींच्या मेसेजात तीनदा एकच शब्द, आणि मग तो दुकानातल्या छापील कार्डासारखा दिसतो. त्याऐवजी ‘दिवस मस्त जाऊ दे’ एवढंच ठेवलं. तुम्हाला हवंच असेल तर दुसऱ्या ओळीतला ‘के कुंप्लास मुचोस मास’ काढून तिथे घाला, दोन्ही एकत्र नको.

मार्चची ओळ ही ह्या मेसेजमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे, ती कापू नका, कारण बाकीचं कोणीही कोणालाही पाठवू शकतं, हे फक्त तुम्हीच तिला पाठवू शकता. ‘सांभाळून घेणं’ ह्याला एक शब्द मला मिळालेला नाही. ‘एचार उना मानो’ म्हणजे शब्दशः हात टाकणं, अर्थ हातभार लावणं, आणि ते बोलीभाषेतलं आहे, त्यामुळे आभारांना मिटिंगचा वास येत नाही. गडबडीला ‘लीओ’ घेतलंय, म्हणजे गुंता, गोंधळ, तेही रोजच्या बोलण्यातलं. तुम्ही ‘आभारी आहे’ असं लिहिलंय ते स्पॅनिशमध्ये केलं की लिहिणारा पुरुष की बाई त्याप्रमाणे शेवट बदलतो, ‘आग्रादेथीदो’ किंवा ‘आग्रादेथीदा’. तुम्ही कोण ते मला माहीत नाही म्हणून ‘ग्राथियास पोर’ घेतलं, ते दोघांनाही चालतं. ‘दा गुस्तो’चंही तेच, ‘तुझ्याबरोबर काम करायला बरं वाटतं’ असं ते आहे. मजा येते चं थेट ‘दिवेर्तीदो’ केलं असतं तर काम म्हणजे विनोदी कार्यक्रम असं झालं असतं.

आणि एक, तिला ‘कोलेगा’ म्हणून हाक मारू नका. शब्द कलीगसारखा दिसतो, पण स्पेनमध्ये बोलताना त्याचा अर्थ दोस्त, यार असाही होतो. ऑफिसमधल्या सहकारणीला ‘कोंपान्येरा’ म्हणतात, पण मेसेजमध्ये नाव असताना त्याचीही गरज नाही. नावामागे ‘सेन्योरा’ वगैरेही नको, ते लावलं की परत उस्तेद आलंच.

टाइप करताना एकाच अक्षराकडे जपून बघा:

```
años = वर्षं
anos = गुदद्वारं
```

डोक्यावरची ती नागमोडी रेघ राहिली तर अर्थ एवढा बदलतो. मोबाइलवर n दाबून धरलं की ñ येतं, उद्गारचिन्ह दाबून धरलं की बहुतेक कीबोर्डवर उलटं ¡ पण मिळतं. विंडोजवर Alt धरून नंबरपॅडवर 0241 म्हणजे ñ आणि 0161 म्हणजे ¡. उलटं चिन्ह स्पॅनिश लोक स्वतः चॅटमध्ये पुष्कळदा गाळतात, ते राहिलं तर हरकत नाही, ñ मात्र राहू देऊ नका.

कॉलवर म्हणायचं असेल तर: फेलीथ कुंप्लेआन्योस, के कुंप्लास मुचोस मास. माद्रिदकडे तो थ असाच, जीभ दातांत धरून, इंग्रजी थिंकसारखा. मेक्सिको, कोलंबियाकडे तिथे साधा स.

त्या देशांवरून आठवलं, हा मेसेज स्पेनसाठी आहे. कलीग अर्जेंटिनाची असती तर ‘कोंतीगो’च्या जागी ‘कोन वोस’ आणि ‘एचार्मे’च्या जागी ‘दार्मे’ केलं असतं. बोगोटाची असती तर उस्तेदबद्दल वर लिहिलंय ते सगळं मी असं ठामपणे लिहिलं नसतं, कारण तिथे जिवलग मित्रसुद्धा एकमेकांना उस्तेद म्हणतात, तिथे ती तुम्हाला काय म्हणते ते बघून तेच करायचं.

पाठवायची वेळ: आपल्याला रात्री बाराच्या ठोक्याला पाठवायची सवय असते, पण आपले बारा वाजतात तेव्हा माद्रिदला उन्हाळ्यात आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ असतात (हिवाळ्यात साडेसात), म्हणजे तिचा वाढदिवस सुरूच झालेला नसतो. उन्हाळ्यात आपल्या दुपारी साडेबाराला पाठवा, तिकडे सकाळचे नऊ, हिवाळ्यात दीड वाजता.

उत्तरात ती बहुतेक ‘उन बेसो’ लिहील, म्हणजे शब्दशः एक पापा. बिचकू नका, स्पेनमध्ये बायका ओळखीच्या माणसांना मेसेजच्या शेवटी सहज लिहितात, आपल्या ‘चल बाय’सारखं. तुम्ही परत ‘उन आब्राथो’च लिहा, म्हणजे एक मिठी, ते स्त्रीपुरुष कोणीही कोणालाही लिहिलेलं चालतं.