अर्ज मुलाचा, हिंदी वडिलांची

«मुलाचं बी.एस्सी. कृषी झालं. भोपाळच्या एका संस्थेत शेतकऱ्यांसोबत काम करायची जागा आहे, त्यांनी स्वतःबद्दल एक पान हिंदीत मागितलं. त्यानं मराठीत लिहिलं, मी हिंदी करून दिलं. आता तो म्हणतो, कॉलेजातल्या जबलपूरच्या मित्राला दाखवतो. मी म्हटलं, नागपूरकराला हिंदी दुसऱ्यानं शिकवायची का? उगाच हसं होईल. एकदा वाचून बघ आणि पाठव. शिवाय हे करावं की एमपीएससी, तेही सांगा. – एक वडील, नागपूर»

एमपीएससीचं आधी संपवतो. राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे, नोकरी करतानाही तिची तयारी करता येते, आणि हा निर्णय मुलाचा आहे.

मला काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. मुलगा पदवीधर झाला, आपलं लिहिलेलं तपासून घ्यावं हे त्याला आपणहून सुचलं, आणि तुम्ही त्यालाच अडवलंत. का? चूक निघाली तर ती तुमची निघेल म्हणून. तुमच्या सगळ्या पत्रात हसं होण्याची भीती आहे, पण ते मुलाचं नाही, तुमचं. भोपाळला पान वाचणाऱ्या माणसाला वडील कोण हे ठाऊक नसतं. त्याच्या दृष्टीनं प्रत्येक चूक मुलाचीच.

आता नागपूरकराच्या हिंदीबद्दल. हा समज इथे घरोघरी आहे. 1956 पर्यंत आपलं शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, इतवारीपासून सीताबर्डीपर्यंत हिंदी कानावर पडतेच, त्यामुळे हिंदी शिकावी लागते असं आपल्याला वाटतच नाही. बोलायला ती पुरते. समोरचा चेहरा बघून आपण सावरून घेतो, तोही समजून घेतो. कागदाला चेहरा नसतो. शिवाय दोन्ही भाषांत दिसायला सारखे पण अर्थानं वेगळे असे शब्द ढिगानं आहेत, आणि मराठी माणूस नेमका त्यांच्यावरच विसंबतो.

तुम्ही जोडलेल्या पानातली ही दोन वाक्यं घ्या: «महाविद्यालय में होते समय मैंने संतरे के डिंक्या रोग का अभ्यास किया। मुझे आपके संस्था में काम करने की संधि मिले, यह नम्र विनंती।» ही तुम्ही एकदा मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात नको, दाराबाहेर उभ्या माणसाला ऐकू जाईल असं. «होते समय» पाशी जीभ थोडी अडखळेल, कारण हिंदीत असं कोणी म्हणत नाही, तिथे मराठीतलं «असताना» डोकावतंय. «आपके संस्था» हेही कदाचित कानाला खटकेल. «अभ्यास» आणि «संधि» मात्र तुमच्या तोंडून सरळ निघून जातील, कारण तुमच्या कानाला ते मराठी शब्द म्हणून ओळखीचे आहेत. हिंदीत अभ्यास म्हणजे सराव आणि संधि म्हणजे तह. थोडक्यात, तुमच्या मुलानं रोगाचा सराव केला आहे आणि आता त्याला संस्थेशी तह करायचा आहे.

मोठ्यानं वाचण्याची मर्यादा हीच. वाक्याची चाल, लांबी, दम लागण्याची जागा हे कान पकडतो. जे चुकीचं असूनही ओळखीचं वाटतं, ते तो पकडत नाही. तिथे तो जबलपूरचा मित्र लागतो. पण तुमच्या मुलाच्या कॉलेजात राहून तो मराठीही शिकला असणार, आणि घोटाळा नेमका इथे होतो. «संधि मिले» वाचून त्याच्या डोक्यात मराठी संधी येईल, अर्थ लागेल, आणि तो म्हणेल, «ठीक है यार, मस्त लिखा है.» दोन्ही भाषा येणारा माणूस चूक न कळत दुरुस्त करून घेतो. म्हणून त्याला «बरोबर आहे का?» असं विचारूच नये. या प्रश्नाला मित्राचं उत्तर नेहमी हो असतं.

मुलानं असं करावं. मराठी मूळ आधी दाखवू नये. हिंदी पान मित्राच्या हातात द्यावं, त्यालाच मोठ्यानं वाचायला सांगावं आणि स्वतः दुसरी प्रत घेऊन पेन्सिलीनं खुणा कराव्यात. तो जिथे थांबला किंवा मागे गेला तिथे खूण. सगळ्यात कामाची खूण मात्र वेगळी असते. कागदावर «आपके संस्था» आहे आणि त्यानं वाचलं «आपकी संस्था». वाचणाऱ्याला बदल केल्याचं कळतही नाही. त्याच्या तोंडून जे निघालं, तेच बहुधा लिहायला हवं होतं.

वाचून झालं की पान पालथं ठेवून पहिला प्रश्न: यात मी काय केलंय आणि काय मागितलंय, तुझ्या शब्दांत सांग. तो म्हणाला, «तूने बीमारी पर पढ़ाई की और काम का मौका माँगा», तर «पढ़ाई» आणि «मौका» हे शब्द टिपून घ्यावेत. आपल्या पानात ते का नाहीत, हे बघावं. दुसरा प्रश्न: जबलपूरच्या तुझ्या आजीला, जिला मराठीचा गंध नाही, कोणता शब्द कळणार नाही किंवा भलताच वाटेल? «डिंक्या», «विनंती», «संधि», «अभ्यास» हे चारही याच प्रश्नात सापडतील. मराठी बाजूला ठेवून ऐकायला हा प्रश्न त्याला भाग पाडतो. तिसरा: लिहिणारा कसा वाटतो, आखडू, लाचार की नेहमीसारखा? तुमच्या पानात «नम्र» तीनदा आहे. मराठी अर्जात ते खपून जातं, त्या हिंदीत ते हात जोडून उभं राहिल्यासारखं वाटतं का, हे मित्रच सांगेल.

त्यानं काही बदलायला सांगितलं तर लगेच विचारावं: हे चूक आहे, की तुला दुसरं आवडतं? पहिलं असेल तर बदलायचं, दुसरं असेल तर आपली मर्जी. यानंतर मराठी मूळ दाखवून, काही गळालं का ते बघावं.

वरची दोन वाक्यं यातून गेली तर साधारण अशी होतील: «कॉलेज की पढ़ाई के दौरान मैंने संतरे के पेड़ों से गोंद निकलने वाली बीमारी का अध्ययन किया। आपसे निवेदन है कि मुझे अपनी संस्था में काम करने का अवसर दें।» एक रात जाऊ द्यावी आणि सकाळी मुलानं स्वतः पुन्हा मोठ्यानं वाचावं.

गावांची नावं, तारखा, गुण हे मित्र तपासू शकत नाही. ते मात्र तुम्ही मूळ कागदांशी ताडून बघा, या कामात वडिलांचा खरंच उपयोग होतो.

आणखी एक. मित्र उत्साहात सगळं पानच नव्यानं लिहून द्यायला लागला, तर मुलानं त्याला थांबवावं. पान आवडलं तर भोपाळहून फोन येईल आणि बोलणं हिंदीतच होईल. जे वाक्य मुलाला न अडखळता स्वतः बोलता येत नाही, ते पानातून काढून साधं करावं. आणि तो फोन येईल तेव्हा, भाऊ, तुम्ही बाहेरच्या खोलीत बसा.