सॅशे, कॅल्शियमची गोळी आणि प्रोटीन पावडर: आईसाठी काय, किती, कसं

प्रश्न: "आई ७२ वर्षांची, वजन ५२ किलो, शाकाहारी. व्हिटॅमिन डी ११ आलं, म्हणून डॉक्टरांनी ६०,००० ची सॅशे आठवड्यातून एकदा, आठ आठवडे दिली. शिवाय कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या. थायरॉईडची आणि अ‍ॅसिडिटीची गोळी आधीपासून आहेच. हल्ली खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. खाणं म्हणजे सकाळी चहा-पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण-भात, ताक; चारला चहा; रात्री थोडी मुगाची खिचडी. मेडिकलवाला म्हणतो प्रोटीन पावडरही सुरू करा. हे सगळं द्यायचं का, आणि कसं?"

पावडर घेण्याआधी आईचं ताट मोजू. ज्येष्ठांच्या आहाराचं काम मी बरीच वर्षं करते आहे, आणि सुरुवात नेहमी इथूनच करते.

तुम्ही लिहिलेल्या खाण्यात दोन चहांचं दूध मिळून ४ ग्रॅम प्रोटीन, पोह्यांत ४, दुपारच्या जेवणात साधारण १५-१६, खिचडीत ६. म्हणजे दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास. या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतं, म्हणजे आईंना ५२ ते ६२ ग्रॅम. निम्मंच पोटात जातंय. पातळ वरणाच्या वाटीवर पुष्कळ घरांचा भरवसा असतो, पण त्या वाटीत डाळ जेमतेम १५-२० ग्रॅम असते आणि प्रोटीन चारएक ग्रॅम. कॅल्शियमचंही तेच: चहाचं दूध, ताक आणि बाकीचं मिळून ४०० मिलिग्रॅमच्या आसपास; हवं १,००० ते १,२००.

आता यात चार बदल करून बघा. पोह्यांऐवजी मुगाच्या डाळीची दोन धिरडी (डाळ ४० ग्रॅम घ्या), सोबत कपभर दूध. दुपारी भाजीत ५० ग्रॅम पनीर. रात्री खिचडीबरोबर वाटीभर घट्ट दही. एवढ्याने प्रोटीन ५५ ग्रॅमच्या जवळ जातं आणि कॅल्शियम हजाराच्या. पोहे आवडतात तर चारला थोडे द्या, बंद करायची गरज नाही. मुख्य म्हणजे प्रोटीन तिन्ही वेळांत वाटलं जाऊ दे. वय वाढलं की थोड्या थोड्या प्रोटीनला स्नायू पूर्वीसारखे दाद देत नाहीत.

ताटातल्या दुधा-दह्यावर माझा इतका भर का, तर ऑस्ट्रेलियातल्या ६० वृद्धाश्रमांत झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या आश्रमांत दूध, दही, चीज वाढवलं आणि बाकीच्यांत नेहमीचंच जेवण ठेवलं. दोन वर्षांत पहिल्या गटात हाडं मोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी झालं. पण तिथल्या लोकांचं डी आधीच पुरेसं होतं, हे विसरू नका. आईंचं ११ आहे, म्हणून त्यांना सॅशे लागणारच.

एवढं खाणं होतच नसेल तर पावडर जरूर घ्या. डब्याच्या पुढच्या बाजूवर विसंबू नका, मागचा तक्ता वाचा. ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पावडरींत शंभर ग्रॅममागे प्रोटीन ३०-३५ ग्रॅमच असतं आणि बाकी बरीचशी साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन. साध्या व्हे, म्हणजे दुधातल्या प्रोटीनच्या, पावडरीत ते ७० ते ८० असतं. अर्धा स्कूप दुधात ढवळला तरी दहा-बारा ग्रॅमची भर पडते. ती जेवणाच्या जागी नको, जेवणाबरोबर किंवा नंतर द्या. पावडर प्यायल्यावर पोळी एकच खाल्ली तर हिशोब जिथल्या तिथे. आणि हे सगळं मूत्रपिंडाचं काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी बघून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रोटीनचा आकडा डॉक्टरच ठरवतील.

सॅशेबद्दल मात्र मला खरी काळजी वाटते. आठवड्याला एक घ्यायची सॅशे रोजची समजून घेतली जाते, किंवा आठ आठवडे संपल्यावरही कुणी थांबवत नाही. त्यात कॅल्शियमच्या गोळीतही डी असतं, पावडरीतही असतं. डी जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं: भूक मरते, मळमळतं, शौचाला कडक होतं, तहान आणि लघवी वाढते, माणूस गोंधळल्यासारखा वागतो. घरचे याला 'वय झालं' म्हणतात आणि तोवर मूत्रपिंडावर ताण आलेला असतो. यातलं काही दिसलं तर सॅशे आणि कॅल्शियम दोन्ही थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासलं की उलगडा होतो. कॅलेंडरवर आठ तारखांवर खूण करा आणि सॅशे स्वतः द्या. दुपारच्या जेवणानंतर दुधातून दिली तर चांगली शोषली जाते.

कोर्स संपल्यावर महिन्याला एक सॅशे चालू ठेवण्याची पद्धत आहे. त्याऐवजी रोज १,००० युनिटची छोटी गोळी चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. झुरिचमध्ये सत्तरी ओलांडलेल्या, आधी पडलेल्या लोकांना महिन्याला ६०,००० दिलं, तेव्हा ते २४,००० घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा पडले. एकदम मोठा डोस म्हणजे जास्त फायदा, असं या औषधाचं नाही.

कॅल्शियमच्या गोळ्यांची वेळ बदलावी लागेल. थायरॉईडची गोळी पहाटे रिकाम्या पोटी आणि कॅल्शियम तिच्यानंतर किमान चार तासांनी. नाहीतर थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही आणि टीएसएच उगाच वाढतं. अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असताना कॅल्शियम कार्बोनेट नीट विरघळत नाही, त्याला पोटातलं आम्ल लागतं. अशा वेळी सायट्रेट बरं. पाकिटावर '१,२५० मिलिग्रॅम कार्बोनेट' लिहिलेलं असतं, पण त्यात खरं कॅल्शियम ५०० च. ताटातून हजाराच्या जवळ गेलात तर दोन गोळ्यांची एक करता येईल का, हे पुढच्या भेटीत मोजणी दाखवून विचारा. मुतखडा पूर्वी झाला असेल तर तेही सांगा.

आणि खुर्ची. १९९४ मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या, सरासरी ८७ वर्षांच्या लोकांवर झालेला अभ्यास मी सगळ्यांना सांगते. काहींना वजनांचा व्यायाम दिला, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही. दहा आठवड्यांनी व्यायामवाल्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त झाली. नुसत्या पेयाने काहीच फरक पडला नाही. तेव्हा हे घरीच सुरू करा. भिंतीला टेकवलेली, न घसरणारी खुर्ची, वर जाड उशी, शेजारी तुम्ही. हात छातीशी ठेवून उठायचं आणि सावकाश बसायचं, आठ वेळा. थोडं थांबून पुन्हा आठ. आठवड्यातून तीन दिवस. शेवटची दोन उठणी जड गेली पाहिजेत. सोपी गेली की उशी पातळ करायची, मग काढायची. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं. हात न टेकता पाच वेळा उठ-बस करायला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पायांची ताकद कमी समजतात. दर महिन्याला घड्याळ लावून बघा आणि लिहून ठेवा.

एक तपासणी राहिली आहे. हाडांची घनता मोजणारा डेक्सा आईंचा झाला नसेल तर करून घ्या. त्यातला घनतेचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे २.५ किंवा त्याखाली असेल, किंवा साध्या पडण्यात मनगट वा मणका मोडला असेल, तर कॅल्शियम आणि डी पुरेसं नाही. हाडांचं वेगळं औषध लागतं. ते सुरू करण्याआधी डी भरून निघालेलं असावं लागतं, म्हणून सॅशेचा कोर्स चालू असतानाच डेक्साची तारीख घ्या.