हेलियमचा झीटा 5/16 आला, एनर्जी प्लसमध्ये गेली… आता?

"मॅडम, हेलियमची ग्राउंड स्टेट एनर्जी व्हेरिएशनल मेथडने काढतेय. न्यूक्लियसचा चार्ज 2 च्या ऐवजी झीटा घेतला, डेरिव्हेटिव्ह शून्य केलं तर झीटा 5/16 येतो आणि एनर्जी चक्क प्लस 2.66 इलेक्ट्रॉन व्होल्ट. इंटिग्रल्स पुन्हा पुन्हा तपासलेत, बरोबर आहेत. मैत्रिणीचं 1.69 आलंय. मुळात खरा चार्ज 2 असताना दुसराच घ्यायचा ही चिटिंगच नाही का? मला क्वांटम जमतच नाही असं वाटायला लागलंय."

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाची मुलगी. मी विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या अडचणींचं समुपदेशन करते, त्याआधी फिजिक्स शिकवायचे, म्हणून अशी मुलं माझ्याकडे पाठवली जातात, आणि ही झीटाची भानगड दरवर्षी कोणाची ना कोणाची असतेच. "जमत नाही" यावर मी तेव्हा काही बोललेच नाही, म्हटलं आधी वही दाखव. वही सुरेख होती. रिपल्शनचं इंटिग्रल, जिथे बहुतेक जण गळपटतात, ते तिने शेल थिअरम लावून व्यवस्थित सोडवलं होतं आणि 5/8 झीटा आणलं होतं. म्हणजे गणित चोख, आणि तरी उत्तर पार चुकलेलं.

हार्ट्रीमध्ये (1 हार्ट्री म्हणजे 27.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट) तिची शेवटची ओळ होती:

E(ζ) = −ζ² + (5/8)ζ

मी तिला म्हटलं, यात झीटा 3 टाक. तिने टाकलं, उणे 7.125 आलं, म्हणजे उणे 194 इलेक्ट्रॉन व्होल्ट. आता हेलियमची खरी एनर्जी आपल्याला प्रयोगातून माहितीये, पहिला इलेक्ट्रॉन काढायला 24.59 लागतात, दुसरा काढायला 54.42, एकूण साधारण 79.0. म्हणजे ग्राउंड स्टेट उणे 79. व्हेरिएशनल प्रिन्सिपल सांगतं की तुम्ही कुठलंही वेव्ह फंक्शन घ्या, कितीही भंगार, नॉर्मलाइझ केलेलं असलं की त्याची सरासरी एनर्जी खऱ्या ग्राउंड स्टेटच्या खाली जाऊच शकत नाही. मग 194 कुठून आले? झीटा 10 टाकला तर अजून खोल, 100 टाकला तर विचारूच नका, तळच नाही. आणि तिने जे 5/16 काढलं होतं तो मिनिमम नव्हताच, त्या कर्व्हचा तो मॅक्झिमम होता, दुसरं डेरिव्हेटिव्ह घेतलं असतं तर उणे 2 दिसलं असतं.

ती म्हणाली, "म्हणजे प्रिन्सिपल मोडलं?" अगं नाही, प्रिन्सिपल मोडत नाही, याचा अर्थ एवढाच की तू जी सरासरी काढलीस ती हेलियमच्या हॅमिल्टोनियनची नाहीये. दुसऱ्याच कुठल्यातरी अणूची आहे, आणि झीटा बदलला की तो अणूही बदलतोय, मग तळ कसा सापडणार.

इथेच सगळी गोम आहे. झीटा तिने दोन ठिकाणी घातला होता, वेव्ह फंक्शनमध्ये आणि हॅमिल्टोनियनमध्ये पण. हॅमिल्टोनियनमधला चार्ज 2 च राहतो, त्याला हात लावायचा नाही, हेलियमच्या न्यूक्लियसमध्ये दोन प्रोटॉन आहेत ते काय आपल्या सोयीने कमी होणार नाहीत. झीटा फक्त ट्रायल फंक्शनमध्ये असतो, e^(−ζ(r₁+r₂)) मध्ये, आणि तिथे त्याचं काम एवढंच की इलेक्ट्रॉनचा ढग किती आवळलेला किंवा किती पसरलेला आहे ते ठरवायचं. आपण निसर्गाचा चार्ज बदलत नाही, आपला अंदाज बदलतोय. त्यामुळे चिटिंगचा प्रश्न तिथेच मिटला.

मग तिला म्हटलं, आता तीन तुकडे वेगवेगळे लिही. कायनेटिक एनर्जी दोन्ही इलेक्ट्रॉनची मिळून ζ², कारण ढग आवळला की ती वर्गाने वाढते. न्यूक्लियसचं आकर्षण, 1/r ची सरासरी ζ येते, चार्ज खरा 2, इलेक्ट्रॉन दोन, म्हणून −4ζ. रिपल्शन तिचंच 5/8 ζ. बेरीज केली की

E(ζ) = ζ² − 4ζ + (5/8)ζ = ζ² − (27/8)ζ

आता ζ² समोर प्लस आहे, म्हणजे कर्व्हला खरोखर तळ आहे. डेरिव्हेटिव्ह शून्य केलं की ζ = 27/16 म्हणजे 1.6875, एनर्जी उणे 2.848 हार्ट्री, म्हणजे उणे 77.5 इलेक्ट्रॉन व्होल्ट. उणे 79.0 च्या वर, जिथे असायला हवी तिथेच, आणि चूक फक्त दोन टक्क्यांची.

तिच्या जुन्या फॉर्म्युल्यात आणि यात फरक बघितला तर 2ζ(ζ − 2) एवढी एक टर्म तिच्याकडे नव्हती. आणि फसवाफसवी अशी की ζ = 2 ला ही टर्म शून्य होते, त्यामुळे तिने "चेक" म्हणून 2 टाकून बघितलं तेव्हा उणे 2.75 आलं, म्हणजे उणे 74.8 इलेक्ट्रॉन व्होल्ट, जे फर्स्ट ऑर्डर पर्टर्बेशनचं बरोबर उत्तर आहे, आणि तिला वाटलं फॉर्म्युला पक्का. ज्या एकाच ठिकाणी चूक दिसत नाही नेमक्या त्याच ठिकाणी तिने तपासलं.

पण हुशार मुलगी झीटा हॅमिल्टोनियनमध्ये घालते कशाला? हे मला नेहमी शोधावंसं वाटतं. तिच्या नोट्समध्ये शेवटी एक ओळ होती, E = −ζ², चौकटीत. आता चार्ज ζ असलेल्या न्यूक्लियसभोवती एकमेकांशी न भांडणारे दोन इलेक्ट्रॉन असतील तर त्यांची एनर्जी पण −ζ² च येते, मग कोणालाही वाटणारच की 1.69 चार्जचा अणू घ्यायचा आणि काम झालं. पण ती ओळ फक्त तळाशी खरी आहे. ζ = 1.5 घेऊन बघा, खरी सरासरी उणे 2.8125 येते आणि −ζ² म्हणजे उणे 2.25, कुठे काय मेळ नाही. तळाशी ते जुळतं कारण तिथे व्हिरियल थिअरम लागू होतो, एकूण एनर्जी उणे कायनेटिक एवढी होते, आणि कायनेटिक ζ² आहे. माझं मत स्पष्ट आहे, ही चौकट नोट्समध्ये अशी एकटी देऊच नये, शिकवताना पटकन लिहायला बरी वाटते पण नंतर असा गोंधळ घालते. स्वतःचं उत्तर तपासायला मात्र व्हिरियल मस्त आहे, पोटेन्शियलचे दोन तुकडे मिळवा, उणे 6.75 आणि अधिक 1.055, उणे 5.695, हे कायनेटिकच्या 2.848 च्या उणे दुप्पट आलं म्हणजे तुम्ही तळाशी पोचलात.

"पण 1.69 च का, कमी का होतो?" हा तिचा पुढचा प्रश्न, आणि हा खरा फिजिक्सचा प्रश्न. "दुसरा इलेक्ट्रॉन न्यूक्लियसला झाकतो" हे सगळे घोकतात, पण हिशेब कोणी करत नाही, म्हणून आम्ही केला. झीटा 2 वरून 1.6875 वर आणला म्हणजे ढग सैल केला, तर आकर्षणात 34.0 इलेक्ट्रॉन व्होल्टचा तोटा होतो, बराच मोठा. पण कायनेटिकमध्ये 31.4 वाचतात आणि रिपल्शनमध्ये 5.3 वाचतात. जमाखर्च मांडला की 2.7 च्या आसपास फायदा, आणि तोच 74.8 वरून 77.5 पर्यंतचा प्रवास. रिपल्शन नसतं तर सैल होण्यात तोटाच होता, म्हणजे खरा धक्का रिपल्शनचाच, पण बिल मुख्यतः कायनेटिक भरतं. (गंमत म्हणजे हा फायदा अचूक काढला तर 25/256 हार्ट्री येतो, 2.66 इलेक्ट्रॉन व्होल्ट, तिच्या त्या चुकीच्या प्लस उत्तराचाच आकडा! कारण 2 वजा 27/16 म्हणजे 5/16. ती हे बघून पहिल्यांदा हसली.)

मग ती अपेक्षेप्रमाणे तिथे आली जिथे सगळे येतात, "झीटा थोडा 1.704 केला तर −ζ² बरोबर 79 देतो, तो घेऊ?" घेऊन बघ ना, पण खऱ्या फॉर्म्युल्यात घाल. घातला तर उणे 2.847, म्हणजे 77.5 च्या आसपासच, उलट किंचित वर. एका झीटाने उणे 77.5 च्या खाली जाता येतच नाही. उरलेले दीड इलेक्ट्रॉन व्होल्ट ट्रायल फंक्शनच्या आकारात अडकलेत. दोघांना सारखंच आणि एकमेकांपासून स्वतंत्र फंक्शन दिलंय, त्यामुळे एक इलेक्ट्रॉन डावीकडे असेल तर दुसऱ्याने उजवीकडे राहावं हे त्या फंक्शनला कळतच नाही. दोघांना एकच पण हवा तसा आकार द्यायची मुभा दिली, म्हणजे हार्ट्री-फॉक, तरी 77.9 ला थांबतं. त्याऐवजी दोन वेगळे झीटा दिले, एक आत 2.18 आणि एक बाहेर 1.19, आणि अदलाबदल करून बेरीज घेतली, तर 78.2 पर्यंत जातं. 1929 मध्ये हिलेरासने दोन इलेक्ट्रॉनमधलं अंतर r₁₂ सरळ फंक्शनमध्येच घातलं, तेव्हा कुठे 79 हाताशी आलं.

दोन टक्के ऐकायला छान वाटतं, पण आयनायझेशन एनर्जी काढताना यातून 54.4 वजा करावे लागतात, उरतात 23.1, खरे 24.6, म्हणजे चूक सहा टक्क्यांवर गेली. आणि हाच फॉर्म्युला हायड्रोजनच्या ऋण आयनाला लावायला मी तिला घरी दिलं, चार्ज 1, इलेक्ट्रॉन दोन. ती दुसऱ्या दिवशी करून घेऊन आली, ζ = 11/16, एनर्जी उणे 0.473 हार्ट्री. आणि स्वतःच म्हणाली, मॅडम, साधा हायड्रोजन आणि एक मोकळा इलेक्ट्रॉन यांची उणे 0.5 असते, मग हा आयन टिकणारच नाही असं निघतंय. पण तो टिकतो, सूर्याच्या पृष्ठभागावरच्या प्रकाशात त्याचा मोठा हात आहे. उणे 0.473 ही फक्त वरची मर्यादा आहे, खरी एनर्जी तिच्याखाली कुठेही असू शकते, त्यामुळे "टिकत नाही" असा निकाल यातून देता येत नाही. 1944 मध्ये चंद्रशेखर यांनी तिथेच दोन वेगळे झीटा घातले, 1.04 आणि 0.28, आणि उणे 0.513 आलं, उणे 0.5 च्या खाली. पुढच्या आठवड्यात ती ते इंटिग्रल घेऊन येणार आहे.