वर्गशिक्षिकेला कळले, त्या दिवसापासून

प्रश्न: "आमच्या शाळेतल्या नववीतल्या मुलीचे दहावीतल्या मुलाशी बोलणे होते. जूनमध्ये तिने ते थांबवले. तेव्हापासून तो नव्या नव्या नंबरांवरून मेसेज करतो, क्लासच्या गेटपाशी उभा राहतो, दोघांचे फोटो सगळ्यांना दाखवीन म्हणतो. वर्गशिक्षिकेला कळून तीन आठवडे झाले. आम्ही दोघांकडून माफीनामा लिहून घेतला. मुलीचे वडील म्हणतात, पोलिसांत जाऊ नका, बदनामी होईल. मुलाचे दहावीचे वर्ष आहे. शाळेने काय करावे?"

बाई, अशी पत्रे नेहमी येतात आणि बहुतेकांत तो माफीनामा असतोच. मुलीने माफी कशाची मागितली, हे शाळेत एकानेही विचारले नाही का? उद्या मुलाचा वकील तोच कागद पुढे करून म्हणेल, चूक दोघांची होती, शाळेनेच तसे लिहून घेतले आहे. तरी तो आता फाडू नका. फाडलात तर पुरावा नष्ट केला असे होईल.

तुमचे सगळे प्रकरण पॉक्सो कायद्याच्या कलम 19 वर उभे आहे. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक गुन्हा झाल्याचे कळले, किंवा होईल अशी भीती वाटली, तरी ते पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. पालकांची संमती असेल तरच कळवा, असे त्यात कुठेही नाही. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिक्षकांना वाटते की आपल्याला 24 तासांची मुदत आहे. ती मुदत पोलिसांची आहे, बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवण्यासाठी. तुम्ही लगेच कळवायचे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात, माहिती असून कळवले नाही असा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा खटला उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये तो पुन्हा चालू करायला लावला.

मुलाचे वागणे पॉक्सोच्या कलम 11 मध्ये, म्हणजे लैंगिक छळाच्या व्याख्येत बसेल का, हे मी इथून ठामपणे सांगणार नाही. वारंवार पाठलाग करणे, मोबाइलवरून सतत गाठणे हे त्यात आहे, पण लैंगिक हेतू लागतो आणि तो न्यायालय ठरवते. फोटो कसले आहेत यावरही बरेच अवलंबून आहे. नग्न असतील तर कलमे जड होतात. हा निवाडा शाळेने स्टाफरूममध्ये करायचा नाही. जूनपर्यंत दोघे राजीखुशीने बोलत होते, तो गुन्हा नाही. तिने नाही म्हटले तो दिवस महत्त्वाचा, म्हणून नोंदीत 'प्रेमप्रकरण' हा शब्द नको.

नोंद आजच करा, पाने क्रमांकित असलेल्या वहीत, आणि तारीखही आजचीच घाला. मागची तारीख घालण्याचा मोह होईल. तो घात करतो, कारण वर्गशिक्षिकेच्या मोबाइलवर खरी तारीख असतेच. सरळ लिहा: "अमुक तारखेला वर्गशिक्षिकेला मुलीने सांगितले. तेव्हा नोंद केली नाही. आज करत आहे." त्याखाली मुलीचे शब्द जसेच्या तसे: "तो म्हणाला, उद्या भेटली नाहीस तर फोटो ग्रुपवर टाकीन." तुम्ही विचारलेला प्रश्नही लिहा. तिच्याशी एकाच शिक्षिकेने, एकदाच बोलावे. मुलाला समोर बसवू नये. तिचा फोन तिच्याकडे किंवा घरच्यांकडे राहू द्या, मेसेज पुसायला सांगू नका. फोटो शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नको. नग्न फोटो असेल तर पुढे पाठवणाराच आरोपी होतो.

मग स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि नोंद क्रमांक मागून घ्या. कलम 19 प्रमाणे माहितीला नोंद क्रमांक द्यायचा असतो आणि ती लिहून तुम्हाला वाचून दाखवायची असते. वडिलांना आधी सांगा, पण परवानगी मागू नका. मुलीचे नाव छापण्यास वा प्रसारित करण्यास बंदी आहे हे त्यांना समजावा.

मुलाच्या दहावीची काळजी मला समजते. त्याच्यावर फक्त कलम 11 चा आरोप राहिला, तर कमाल शिक्षा तीन वर्षांची असल्याने बालन्याय कायद्यात तो किरकोळ गुन्हा ठरतो. बालन्याय नियम 8 प्रमाणे अशा वेळी एफआयआर नसतो. स्टेशन डायरीत नोंद होते, सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल होतो आणि मुलगा बालन्याय मंडळापुढे जातो. मंडळ बहुधा समुपदेशनाकडे वळेल, मात्र तारखा किती पडतील ते सांगता येत नाही. त्याला दाखला देऊन काढून टाकू नका. आणि वर्गाची किंवा सुटण्याच्या वेळेची अदलाबदल करावी लागली, तर ती मुलाची करा, मुलीची नाही.