सगळेच सरांना विचारतात: तीस माणसांची कंपनी आणि अडलेली बढती

"आमच्या कंपनीत तीस माणसं. वर मालक, खाली आम्ही सगळे एका रांगेत. सहा वर्षं झाली, मी अजून डिझाइन इंजिनिअरच. आता वेर्ण्याच्या एका कंपनीत असिस्टंट मॅनेजरची जागा मिळतेय. तीही तीसच जणांची, पण तिथं पाच पायऱ्या आहेत. घरचे म्हणतात, हुद्दा मिळतोय तर जा. मैत्रीण म्हणते, तिथं एक कागद हलायला आठवडा लागतो. काय करू?"

प्रश्न विचारणारी डिचोलीची, एकतिशीची, इलेक्ट्रिकलची पदविका घेतलेली. पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कंपनीत काम करते. ऑफर लेटरवर उत्तर द्यायला तीन आठवडे हातात होते, म्हणून निर्णय बाजूला ठेवून तिला आधी एक वही घालायला सांगितली. कोणता प्रश्न विचारला, कधी विचारला, उत्तर कधी आलं आणि ते द्यायला प्रत्यक्षात किती वेळ लागला, एवढंच दोन आठवडे लिहायचं.

वहीतली एक नोंद अशी. ड्रॉइंगमध्ये दाखवलेला 250 अँपिअरचा ब्रेकर यायला सहा आठवडे लागणार होते. दुसऱ्या कंपनीचा स्टोअरमध्ये पडून होता. अँपिअर तेवढेच, शॉर्टसर्किट तोडण्याची क्षमताही तेवढीच, 36 किलोअँपिअर. फरक फक्त बसवायच्या भोकांच्या अंतरात आणि दाराच्या कटआउटमध्ये. "हा चालेल का?" असं तिनं सोमवारी साडेदहाला विचारलं. सर, म्हणजे मालक, वास्कोला साइटवर. उत्तर आलं बुधवारी संध्याकाळी, आणि ते द्यायला सरांना लागली चार मिनिटं. तोवर जुन्या ड्रॉइंगप्रमाणे दोन दारं पंच होऊन पावडर कोटिंगला गेली होती. ती भंगारात.

कमी पायऱ्यांच्या रचनेत निरोपाची वाट छोटी असते हे खरंच, पण वाटेच्या टोकाला रांग लागते आणि ती कुठल्याही तक्त्यावर दिसत नाही. हिशेब करून बघा. 29 जणांनी दिवसाला दोनच प्रश्न विचारले तरी 58 होतात. एकेकाला पाच मिनिटं धरली तर 290 मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास. त्यात मालक अर्धा दिवस बाहेर. मग ज्याला केबिनच्या दारात उभं राहता येतं त्याचं काम आधी होतं आणि जो मेल टाकून बसतो तो बसूनच राहतो. गूगलनं 2002 मध्ये इंजिनिअरांवरचे मॅनेजर काढून पाहिले होते. खर्चाच्या पावत्या आणि आपसातले तंटे थेट लॅरी पेज यांच्या टेबलावर यायला लागले आणि काही महिन्यांत तो प्रयोग गुंडाळावा लागला.

आता दुसरी बाजू. तीस माणसांत पाच पायऱ्या करायच्या तर साधारण एक, दोन, चार, आठ आणि पंधरा अशी उतरंड होते. सगळ्यात खालच्याचा प्रश्न मालकापर्यंत जायला चार टप्पे. प्रत्येकानं दिवसातून एकदा बघून पुढे पाठवला तर वर जायला चार दिवस आणि खाली यायला तेवढेच. शिवाय वाईट बातमी प्रत्येक टप्प्यावर थोडी मऊ होत जाते. "दारं वाया गेली" हे वर पोहोचेपर्यंत "दारांचं काम थोडं लांबलंय" होतं. यावरचा तोडगा जुना आहे. आँरी फेयोल या फ्रेंच खाण अभियंत्यानं 1916 मध्येच लिहून ठेवलं होतं, की वेगवेगळ्या विभागांतल्या समान पातळीवरच्या दोघांनी वरिष्ठांच्या संमतीनं थेट बोलावं आणि काय ठरलं ते मागाहून वर कळवावं. तशी मोकळीक असेल तर पाच पायऱ्याही फार अडत नाहीत. नसेल तर मैत्रिणीचं म्हणणं बरोबर.

आणि हुद्दा? त्याच उतरंडीत तीसपैकी पंधरा जणांच्या हाताखाली कोणी ना कोणी असतं. म्हणजे निम्मी कंपनी कुठल्या ना कुठल्या नावाची साहेब. वेर्ण्याची जागा पायरी तिसरी, तिच्या वर मॅनेजरच्या दोनच खुर्च्या, आणि त्या रिकाम्या झाल्याशिवाय पुढे सरकणं नाही. म्हणून दुसऱ्या मुलाखतीला जाताना तिच्याजवळ चार प्रश्न होते. माझ्या हाताखाली किती जण? किती रुपयांपर्यंत माझी सही चालेल? माझं मूल्यमापन कोण लिहील आणि ते मला दाखवतील का? या पायरीवरून वर गेलेला शेवटचा माणूस केव्हा आणि कसा गेला? उत्तरं मिळाली ती अशी: दोन ज्युनिअर. सही मॅनेजरची. मूल्यमापन मॅनेजर लिहितो, दाखवत नाहीत. आणि शेवटची बढती चार वर्षांपूर्वी, वरचा आखातात गेला तेव्हा.

एवढ्यावरून जुनी कंपनी चांगली ठरत नाही. तिथं तिची वाढ झाली होती, पण कागदावर नव्हती. बाहेरचा एचआरवाला बायोडेटात सहा वर्षं एकच पदनाम बघतो आणि पान उलटतो. म्हणून तिनं सरांसमोर अर्ध्या पानाचं टिपण ठेवलं. त्यात मॅनेजर हा शब्दच नव्हता, आणि मला वाटतं तेच शहाणपणाचं होतं. प्रस्ताव एवढाच, की डिझाइनच्या सहा जणांत एक लीड असावा आणि काही निर्णय त्यानंच घ्यावेत. पर्यायी ब्रेकरचे अँपिअर आणि क्षमता तीच असेल, ग्राहकानं ऑर्डरमध्ये मेक लिहून दिलेला नसेल आणि किमतीतला फरक 5,000 रुपयांच्या आत असेल, तर लीडनं ठरवायचं आणि संध्याकाळपर्यंत सरांना कळवायचं. डिलिव्हरीची तारीख बदलणं आणि ग्राहकाच्या मागणीत फेरफार हे सरांकडेच. शॉप फ्लोअरवर चौदा जण असले तरी तिथलं काम ठरलेलं असतं, एक अनुभवी फोरमन ते सांभाळतो. एका माणसाखाली किती जण हे कामात रोज किती नवं उपटतं त्यावर ठरतं, सगळ्या विभागांना एकच आकडा लावू नये.

सर तयार झाले, पण पहिले तीन आठवडे काही बदललं नाही. फिटर सवयीनं थेट "पात्रांव, हें कशें करूं?" म्हणत केबिनमध्ये शिरायचे आणि सरही सवयीनं उत्तर द्यायचे. असं एकदा झालं, की लीड नावापुरता उरतो. सरांनी फक्त "तिका विचारलें?" असं विचारायचं ठरलं आणि महिन्याभरात केबिनची वर्दळ उतरली. दुसरा धोका तिच्याकडून होता. आलेला प्रश्न जसाच्या तसा वर सरकवला तर आणखी एक टप्पा तेवढा वाढतो. हे वहीतच कळतं. दहातले तीनचार प्रश्न वर जात असतील, तर एक तर 5,000 ची मर्यादा अपुरी आहे, नाही तर लीड धजत नाही.

बढतीसाठी हाताखाली माणसं हवीतच असं नाही. डिझाइनमध्ये तीन श्रेण्या ठरल्या. देखरेखीखाली ड्रॉइंग करणारा पहिल्या श्रेणीत. 400 अँपिअरपर्यंतचं पॅनल सामानाच्या यादीसकट स्वतः पुरं करणारा दुसऱ्या. ग्राहकाकडून ड्रॉइंग मंजूर करून घेणारा, चाचणीला उभा राहणारा आणि नवख्याला शिकवणारा तिसऱ्या. सगळे पगारवाढ मागायला येतील, ही सरांची भीती रास्त होती, म्हणून श्रेणी वर्षातून एकदाच, एप्रिलमध्ये, लेखी निकषांवर तपासायची.

वेर्ण्याला तिनं नकार कळवला, पण सरांचं पत्र हातात पडल्यावरच. चवथीच्या आधी शॉप फ्लोअर रिकामा होतो आणि मग महिनाभर कुणाला कशाचीच शुद्ध नसते, म्हणून ते तिनं त्याआधीच लेटरहेडवर मागून घेतलं. त्यात "लीड डिझाइन इंजिनिअर" या नावाखाली तीन ओळी आहेत: पाच जणांचं काम बघते, 5,000 रुपयांपर्यंतच्या पर्यायी सामानाला मंजुरी देते, ग्राहकासमोरच्या चाचणीला कंपनीच्या वतीनं उभी राहते.