हजेरी आणि फीच्या शीटची लिंक पालकांना पाठवताना सोबत काय लिहावं?

प्रश्न: मी घरी सातवी-आठवीची ट्यूशन घेते. हजेरी आणि फीची गूगल शीट पालकांना फक्त बघण्यासाठी शेअर केली आहे, पण रोज कोणी ना कोणी फोन करून विचारतं, "टीचर, यात नेमकं बघायचं काय?" शीट कशी वाचायची हे सांगणारा छोटा मेसेज कसा लिहू?

उत्तर: भांडुपला माझेही क्लास आहेत आणि पालकांना मी अशीच शीट पाठवते. आधी मेसेजच देते, पुढे त्यातल्या दोन ओळींबद्दल सविस्तर सांगते.

नमस्कार. हजेरी आणि फीची शीट या लिंकवर आहे. ती फक्त बघता येते, तुमच्या हातून काही बदलणार नाही, तेव्हा निर्धास्त उघडा.
खाली 'हजेरी' आणि 'फी' असे दोन टॅब आहेत. हजेरीत मुलाचा रोल नंबर शोधा, फीमध्ये फी-कार्डावरचा नंबर. मग त्याच ओळीत उजवीकडे सरकवा.
ह = हजर, गै = गैरहजर, सु = क्लास नव्हता. रिकामं = अजून भरलेलं नाही.
फीमध्ये फक्त शेवटचा रकाना बघा. 'बाकी' म्हणजे द्यायचे आहेत, 'जमा' म्हणजे तुमचे जास्त आले आहेत, ते पुढच्या महिन्यात धरू.
वर जी तारीख आहे तिथपर्यंतचीच नोंद आहे.
काही चुकीचं वाटलं तर नंबर आणि तारीख मला व्हॉट्सअ‍ॅप करा.

याहून मोठा मेसेज पाठवू नका. व्हॉट्सअ‍ॅप लांब मेसेज दुमडून ठेवतं आणि 'पुढे वाचा'वर बोट टेकवणारे पालक थोडेच असतात. ड्युटीवरून येताना लोकलमध्ये उभ्या-उभ्या वाचला जाईल एवढाच तो असावा.

आता 'बाकी' आणि 'जमा'बद्दल. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. बहुतेक शीटमध्ये शेवटच्या रकान्यात नुसती वजाबाकी असते: लागू फी वजा भरलेली फी. समजा महिन्याची फी ₹1,200 आहे. जूनचे पूर्ण आले. जुलैत वडिलांनी रोख ₹1,000 दिले, म्हणजे ₹200 राहिले. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी यूपीआयने ₹1,700 पाठवले. तीन महिन्यांची फी ₹3,600, आलेले पैसे ₹3,900. शीट दाखवते -300. आपल्याला कळतं की हे त्यांचे जास्तीचे आहेत आणि सप्टेंबरला त्यांनी ₹900च द्यायचे आहेत. पण पालकांच्या डोळ्यांना उणे चिन्ह म्हणजे तूट. काही जण लगेच आणखी ₹300 पाठवतात, काही जण "आम्ही तर भरलेत" म्हणून चिडून फोन करतात. त्यात आपण तो आकडा लाल करून ठेवला असेल तर बघायलाच नको.

हे मेसेजमध्ये समजावत बसण्यापेक्षा शीटलाच शब्दांत बोलायला लावावं. वजाबाकी H रकान्यात असेल तर शेजारच्या रकान्यात हे सूत्र टाका आणि H लपवा:

```
=IF(H5>0,"बाकी ₹"&H5,IF(H5<0,"जमा ₹"&ABS(H5),"पूर्ण"))
```

मग पालकांना 'जमा ₹300' असं दिसतं आणि मेसेजमधला शब्द तोच असल्यामुळे विचारायला काही उरत नाही. मेसेजमध्ये 'शिल्लक' हा शब्द मी मुद्दाम टाळते. शिल्लक कोणाकडे, त्यांच्याकडे की आपल्याकडे, हे त्यावरून कळत नाही.

दुसरी ओळ रिकाम्या चौकटीची. सुट्टीच्या दिवशी चौकट कोरी ठेवली आणि आजची हजेरी भरायची राहिली म्हणून तीही कोरी राहिली, तर पालकांना दोन्ही सारखंच दिसतं. "मुलगी तर क्लासला आली होती, मग हजेरी का नाही?" हा फोन तिथूनच येतो. म्हणून पावसाने क्लास रद्द झाला, गणपतीची सुट्टी होती, मला बरं नव्हतं, कारण कुठलंही असो, चौकटीत 'सु' लिहायचं. म्हणजे कोऱ्या चौकटीला एकच अर्थ उरतो. शीटच्या वर 'नोंद 12 ऑगस्टपर्यंत' असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि हजेरी भरली की ती तारीख बदलायची सवय लावून घ्या. काल रात्री यूपीआयने पाठवलेली फी आज का दिसत नाही, याचंही उत्तर त्याच तारखेत मिळतं.

'सु' लिहायला लागलात की टक्केवारीचं सूत्र एकदा तपासा. भरलेल्या सगळ्या चौकटी मोजून भागलं तर सुट्ट्याही मुलाच्या खात्यावर पडतात. एखादा मुलगा 11 दिवस आला, 3 दिवस आला नाही आणि 2 दिवस सुट्टी होती, तर त्याची हजेरी 14 पैकी 11, म्हणजे सुमारे 79 टक्के. 16 ने भागलं तर 69 टक्के दिसते आणि घरी त्याला उगाच ओरडा बसतो. म्हणून:

```
=COUNTIF(C5:AG5,"ह")/(COUNTIF(C5:AG5,"ह")+COUNTIF(C5:AG5,"गै"))
```

फीसाठी वेगळा नंबर का, हेही सांगते. लिंक असलेला प्रत्येक जण सगळ्यांच्या ओळी बघू शकतो. कोणाच्या घरून फी थकली आहे हे सोसायटीभर व्हावं, असं कोणालाच वाटत नाही. मुलांना एकमेकांचे रोल नंबर पाठ असतात, त्यामुळे नावं काढून भागत नाही. फी-कार्डावर वेगळा नंबर टाका आणि फीच्या टॅबमधल्या ओळी त्या नंबरांच्या क्रमाने लावा, हजेरीच्या क्रमाने नाही. नावं-नंबरांची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. त्याच फाइलमध्ये टॅब लपवून ठेवलात तर उपयोग नाही, कारण शीटची कॉपी काढणाऱ्याला लपवलेला टॅबही उघडता येतो. एखाद्या घरची परिस्थिती खरंच नाजूक असेल तर त्यांचा हिशोब मी शीटवर ठेवतच नाही, आईशी समोरासमोर बोलते.

लिंक पाठवण्याआधी Share मध्ये General access खाली Anyone with the link आणि Viewer आहे ना, ते बघा. तिथे Restricted राहिलं तर पालकांना शीटऐवजी परवानगी मागणारं पान दिसतं. लिंक इनकॉग्निटो विंडोमध्ये उघडली की लगेच कळतं. काही पालकांच्या नावाने एडिटची परवानगी मागणारे मेल येतील. बहुतेकांचं बोट चुकून लागलेलं असतं, परवानगी देऊ नका.

शीट साध्या फोनवरही एकदा उघडून बघा. नंबरचा रकाना फ्रीझ केलेला हवा, नाहीतर उजवीकडे सरकवल्यावर आपली ओळ कुठली हेच कळत नाही. पण एकच रकाना फ्रीझ करा. तीन-चार केले तर छोट्या स्क्रीनवर सरकवायला जागाच राहत नाही.

फीबद्दल कोणी हरकत घेतली तर यूपीआयचा 12 अंकी व्यवहार क्रमांक मागवा, रोख दिले असतील तर पावतीचा फोटो. नोंद दुरुस्त केली की "बघा, आता लावलंय" एवढं त्यांना उलट कळवा. लिंक तीच राहते, नवी पाठवावी लागत नाही.