हात वर करायला लावू नका

‘ताई, मी आशा सेविका आहे. १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाचा कार्यक्रम आमच्या गावच्या शाळेत घ्यायचा आहे. लोकांनी बोलावं म्हणून सात-आठ प्रश्न काढले आहेत. पण गावात दोन घरांतली कर्ती माणसं आत्महत्येनं गेलेली आहेत आणि त्या घरच्या बायाही येणार. एखादा प्रश्न त्यांच्या जिव्हारी लागला तर? आणि असे प्रश्न वगळले तर लोक मोकळेपणी बोलतील का?’

या आशाताई यवतमाळ जिल्ह्यातल्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहिते. त्यांनी प्रश्नांचा कागद पाठवला होता. फोनवर आम्ही तो ओळ न् ओळ वाचला.

पहिलाच प्रश्न होता, ‘तुमच्यापैकी किती जणांना कधी ना कधी जगणं नकोसं वाटलं? हात वर करा.’ हा ताबडतोब काढून टाकला. ज्याला खरंच तसं वाटतंय तो दीडशे माणसांत हात वर करत नाही, आणि केलाच तर संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. शिवाय कुणाचाच हात वर आला नाही तर त्या माणसाला वाटतं, असं फक्त आपल्यालाच होतंय. उपकेंद्रात नैराश्याच्या तपासणीसाठी नऊ प्रश्नांचा तक्ता असतो, तोही सभेत वाचून दाखवायचा नाही. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. तो एकट्याला, दार लोटून विचारायचा. एकट्याला थेट विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. जागा बदलली की तोच प्रश्न घातक होतो.

दुसरा प्रश्न ‘चूक की बरोबर’ खेळाचा होता. ‘मानसिक रुग्ण धोकादायक असतात, चूक की बरोबर?’ हे खेळ सगळीकडे घेतात, मला ते आवडत नाहीत. सभा एका सुरात ‘बरोब्बर!’ म्हणते, मग आपण ‘नाही, चूक’ सांगतो. पण ज्याचा भाऊ औषधावर आहे त्याच्या कानात तो पहिला सूरच राहतो. शिवाय समज खोडायचा म्हणून आपण तोच मोठ्यानं म्हणून घेतो, आणि लोकांच्या लक्षात तोच राहण्याचा धोका असतो.

सगळ्यात साळसूद दिसणारा प्रश्न चौथा होता, आणि माझ्या मते तोच सगळ्यात जास्त जखम करणारा. ‘आत्महत्या करण्याआधी माणूस कोणती लक्षणं दाखवतो?’ उपयोगाची माहिती वाटते. पण ज्या बाईचा नवरा गेला ती काय ऐकते? सभा एकेक लक्षण सांगते, झोप उडणं, गप्प बसणं, देणीघेणी मिटवायला लागणं, आणि तिच्या डोक्यात हिशेब सुरू होतो, ‘हे तर आमच्या घरी होतं. मग मला दिसलं कसं नाही?’ मागच्या रांगेतल्या बायाही तिच्याकडेच पाहत असतात. गेलेल्या माणसाकडे मागं वळून पाहणारे असे प्रश्न गावसभेत नकोत. तीच माहिती पुढची, आजची करून विचारता येते. आम्ही लिहिलं, ‘आपला शेजारी आठ-पंधरा दिवस पारावर आला नाही, चेहरा उतरलेला दिसतो. त्याच्याशी बोलायला काय निमित्त काढाल?’ लक्षणं यातही आली, पण कुणाच्या मागच्या दिवसांकडे बोट गेलं नाही.

बाकीच्या प्रश्नांसाठी आम्ही एक माणूस तयार केला. प्रकाश, शिंपी, तालुक्याच्या गावी बसस्टँडजवळ दुकान. कार्यक्रमाच्या गावात कुणी प्रकाश किंवा शिंपी नाही ना, हे ताईंनी आधी पाहून घेतलं. शेतकरी मुद्दाम घेतला नाही, कर्ज आणि नापिकीही घातली नाही. विदर्भात ‘कर्जबाजारी शेतकरी’ म्हटलं की ऐकणाऱ्याला शेवट आधीच कळतो, आणि तो शेवट कुणाच्या तरी घरातला असतो. म्हणून प्रकाशला झोप नाही, कात्री हातात घेऊन बसून राहतो, गिऱ्हाइकावर चिडतो, बायको काळजीत आहे, एवढंच ठेवलं. कसं, कुठं, काय घेतलं, असा मरणाचा शब्दही गोष्टीत नाही. त्याचा शेवट सुरुवातीलाच सांगायचा ठरवलं: ‘प्रकाश आता बरा आहे, दिवाळीच्या कपड्यांची गर्दी आहे त्याच्याकडे. तो इथवर कसा आला ते बघू.’ त्यामुळे श्वास रोखून कुणी बसत नाही. बरं झालेला माणूस ऐकू आला की मदत घेण्याची भीती कमी होते. असा माणूस स्वखुशीनं स्वतः बोलायला आला तर त्याहून चांगलं, पण गावात त्याला उभं करायची घाई नको.

मग प्रकाशबद्दलचे प्रश्न तीनच राहिले. प्रकाशला दवाखान्यात जायला काय आडवं आलं असेल? त्याची बायको आधी कुणाशी बोलली असेल? मित्रानं काय म्हटलं तर प्रकाशला बरं वाटेल? तिन्हींची उत्तरं प्रकाशबद्दल असल्यानं कुणाला स्वतःचं काही उघडं करावं लागत नाही. सांगायचंच असेल तर प्रकाशच्या नावावर सांगता येतं.

ताईंना शंका होती, लोक बोलतील का? कार्यक्रमाला मीही गेले होते. पहिल्या प्रश्नावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक आजी म्हणाल्या, ‘लोकं का म्हनतीन, याचं डोकं फिरलं. पोरीचं लगन जमत नाही मंग.’ त्यावर मागून एक जण, ‘मजुरी बुडते न बाई. तालुक्याले जा, दिवसभर रांगेत बसा.’ तिसरा म्हणाला, ‘गोळ्यायची सवय लागते म्हणे.’ चौथं उत्तर आलं, ‘नागपूरला नेलं की ठेवून घेतात.’ कलंक म्हणजे नुसती लाज नसते. त्यात लेकीचं लग्न असतं, बुडालेली रोजी असते, नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची भीती असते. हे ‘मानसिक आजाराबद्दल तुमच्या मनात काय गैरसमज आहेत?’ असं विचारून कधी बाहेर आलं नसतं.

उत्तरंही आम्ही प्रकाशच्याच तोंडून दिली. त्याला कुणी ठेवून घेतलं नाही. जिल्हा रुग्णालयातल्या बाह्यरुग्ण विभागात तपासलं आणि घरी पाठवलं. नैराश्यावरच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच दिवस घ्यायच्या. मजुरी बुडू नये म्हणून प्रकाशच्या बायकोनं आधी टेली मानसला फोन लावला होता. नंबर १४४१६. ही सरकारी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीही लागते, मराठीत बोलता येतं. ताईंनी हा नंबर फळ्यावर लिहिला आणि शेवटी त्याची चिठ्ठी प्रत्येकाच्या हातात दिली, अगदी शाळेच्या शिपायाच्याही. चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या तर ‘कुणी उचलली’ हे सगळे बघतात. सगळ्यांनाच मिळाली की कुणाकडं बघायचं कारण राहत नाही.

‘लोकांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकावेत’ ही कल्पनाही ताईंच्या कागदावर होती. ती मी नको म्हटलं. गावात अक्षर ओळखू येतं, आणि ज्यांना लिहिता येत नाही ते दुसऱ्याकडून लिहून घेतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे चिठ्ठीत ‘मला आता राहायचं नाही’ असं निघालं तर ती कुणाची हे शोधणार कसं? निनावी ठेवायचं वचन दिलेलं, आणि माणूस संकटात. डब्याऐवजी ताईंनी जाहीर केलं की शनिवारी सकाळी त्या उपकेंद्रात बसतील, समुदाय आरोग्य अधिकारीही असतील. बीपी तपासायलाही या. बीपीचं निमित्त असलं की जाणाऱ्याला कारण सांगावं लागत नाही.

त्या दोन घरांत ताई कार्यक्रमाच्या चार दिवस आधी जाऊन आल्या. ‘येऊ नका’ म्हणायला नव्हे. विषय काय आहे, आत्महत्येवर बोलणार नाही, प्रकाशची गोष्ट काय आहे, मध्येच उठून गेलात तरी चालतं, एवढं सांगायला. एक जण आल्या, दुसऱ्या आल्या नाहीत. दोन्ही ठीक होतं. गावात ताजी घटना घडली असेल तर मी कार्यक्रमच पुढं ढकलते आणि आधी घरी जाते. दारवठ्याचं तोरण आणि ध्वनिक्षेपक नंतर बघता येतात.

सुरुवातीलाच ताईंनी सभेला सांगितलं, ‘इथं कुणालाही स्वतःचं काही सांगायचं नाही. पाणी प्यायला, बाहेर जायला कुणाची परवानगी नको.’ दुसऱ्या आशाताई दाराशी पाण्याच्या माठाजवळ बसल्या होत्या. मित्राच्या प्रश्नावर चर्चा चालू असताना एक बाई पदर तोंडाला लावून उठल्या. ताई बोलत राहिल्या. दारातल्या आशाताई त्यांच्यामागं गेल्या, पाणी दिलं, ओट्यावर शेजारी बसल्या. ‘काय झालं’ विचारलं नाही, ‘इथं बसू का, का घरी सोडू?’ विचारलं. सभेनं मागं वळून पाहू नये म्हणून ताईंनी तेव्हाच नेमका मोठा प्रश्न टाकला, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

सभेत कुणी उठून स्वतःचंच सांगायला लागलं तर? हेही आम्ही तयार ठेवलं होतं. पुढचे प्रश्न तिथं विचारायचे नाहीत. ‘बोललात, बरं केलं. आपण दोघं नंतर निवांत बसू,’ आणि तो शब्द त्याच दिवशी पाळायचा. निवांत बसल्यावर मात्र आडून विचारायचं नाही: ‘जीव द्यावा असा विचार येतो का?’ उत्तर हो असेल तर एकटं सोडायचं नाही, घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला बोलवायचं, तिथूनच १४४१६ लावायचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन आधी देऊ नका, ते पाळता येत नाही.

शनिवारी उपकेंद्रात एक गृहस्थ बीपी दाखवायला आले आणि बीपी झाल्यावर उठेनात. त्यांच्या मेव्हण्यानं दोन वर्षांपूर्वी जीव द्यायचा प्रयत्न केला होता. पोलीस केस होईल म्हणून घरच्यांनी तेव्हा दडवलं आणि दवाखान्यातही खोटंच सांगितलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे अशा माणसाला तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करत नाहीत. तेवढं कळल्यावर त्यांनी विचारलं, ‘मंग त्याले आता आणू का?’ सभेच्या प्रश्नांत कायदा आम्ही मुद्दाम घेतला नव्हता. तो विषय काढला की ‘प्रयत्न’ हा शब्द काढावा लागतो, आणि तो एकट्यालाच बोलायचा विषय आहे.

एक गोष्ट ताईंना अजून विचारायची होती. वरून आलेल्या अहवालाच्या नमुन्यात ‘लक्षणे आढळलेल्या व्यक्तींची संख्या’ असा रकाना होता, आणि फोटोही मागितले होते. मी सांगितलं, रकान्यात शून्य भरा. कार्यक्रमात तुम्ही कुणाला तपासलंच नाही. फोटो फळ्याचा आणि मागच्या बाजूनं, चेहरे येणार नाहीत असा काढा. शनिवारी आलेल्यांची नोंद उपकेंद्राच्या नेहमीच्या नोंदवहीत जाते, ती या अहवालात जोडायची नाही.